पोटेन्शिओमीटर: "सर, काटा एकाच बाजूला जाऊन राहिला"

दरवर्षी प्रॅक्टिकलची परीक्षा तोंडावर आली की आमच्या नागपूरच्या ज्युनिअर कॉलेजच्या लॅबमध्ये हे वाक्य दिवसातून चारदा कानावर पडतं. मुलं आधी सगळ्या वायरी उपटतात आणि पहिल्यापासून जोडतात. तरी काटा तिकडेच जातो. मग बाजूच्या टेबलावरचा गॅल्व्हानोमीटर मागतात, सेल बदलतात, आणि शेवटी मित्राच्या वहीतले आकडे उतरवून मोकळे होतात. खरं तर जोडणीला हात न लावता, जॉकी फक्त दोन ठिकाणी टेकवून दोष कुठे आहे ते ओळखता येतं. याच वर्षीच्या एका जोडीचं उदाहरण घेऊन ते सांगतो, कारण एकाच बसण्यात त्या दोघींनी बहुतेक सगळ्या चुका करून दाखवल्या.

त्यांच्या टेबलावर दहा तारांचा बोर्ड होता. एकेक तार 1 मीटरची, म्हणजे एकूण 1000 सेंटीमीटर, आणि सगळ्या तारेचा रोध साधारण 20 ओहम. बॅटरी एलिमिनेटर दोन व्होल्टवर, मल्टिमीटरने मोजला तर 2.1 व्होल्ट. त्याच्याबरोबर सिरीजमध्ये की आणि रिओस्टॅट. तुलना करायची होती डॅनियल सेल आणि लेक्लांशे सेलच्या विद्युतगामक बलाची, म्हणजे ईएमएफची. डॅनियलचा संतुलन बिंदू मिळाला 823 सेंटीमीटरवर. लेक्लांशे लावला की काटा एकाच बाजूला. तिचं म्हणणं, "सर, हा सेल खराब हाय." सेल चांगला होता, नुकताच भरलेला.

आता ती दोन ठिकाणं. तारेचं सुरुवातीचं टोक, जिथे एलिमिनेटरचं धन टर्मिनल येतं, त्याला ए म्हणू आणि शेवटच्या टोकाला बी. पण आधी एक काम करायचं: गॅल्व्हानोमीटरच्या सिरीजमध्ये रेझिस्टन्स बॉक्समधला 5000 ओहमचा प्लग काढून ठेवायचा. हा रोध नसला तर काटा दोन्ही टोकांना स्केलच्या काठावर जाऊन आपटतो, आणि आपटलेल्या काट्यावरून काहीच कळत नाही. 5000 ओहम घातल्यावर आमच्या गॅल्व्हानोमीटरचा काटा ए पाशी साधारण 10 घरं हलतो. हे 10 घरं म्हणजे सेलचं पूर्ण ईएमएफ, कारण ए पाशी तारेचा वाटा शून्य असतो. जॉकी बी वर नेली की सेलच्या ईएमएफमधून अख्ख्या तारेवरचा विभवांतर वजा होतो. उरेल तेवढाच काटा हलतो.

त्यामुळे ए आणि बी या दोन वाचनांची तुलना केली की दोष आपोआप बोलतो. बी पाशी काटा ए पेक्षा जास्त हलला, म्हणजे 10 ऐवजी 19 घरं गेला, तर वजाबाकीऐवजी बेरीज होतेय. सेलचं धन टोक ए ला लावायचं सोडून जॉकीकडे लावलंय, किंवा एलिमिनेटरच्या वायरी उलट्या आहेत. सेल उलटा करा, काम झालं. बी पाशीही अगदी तितकाच, 10 घरं हलला, तर तारेतून करंटच वाहत नाही: की चा प्लग ढिला आहे, एलिमिनेटरचा स्विच बंद आहे, नाहीतर मुख्य सर्किटची एखादी वायर आतून तुटलेली आहे. वरचं कव्हर शाबूत आणि आतला तांबा तुटलेला, असल्या वायरी आमच्याकडे डब्यात भरपूर आहेत. दोन्ही टोकांना काटा हललाच नाही तर दोष मुख्य सर्किटमध्ये शोधू नका. तो गॅल्व्हानोमीटरच्या फांदीत आहे, बहुतेक वेळा टू-वे की च्या प्लगमध्ये किंवा जॉकीच्या वायरीत.

या मुलींच्या टेबलावर ए पाशी 10 घरं आणि बी पाशी त्याच बाजूला जेमतेम 1 घर आलं. म्हणजे जोडणी बरोबर होती, फक्त तार कमी पडत होती. मी तारेच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला. 1.31 व्होल्ट. लेक्लांशेचं ईएमएफ 1.45 व्होल्टच्या आसपास, डॅनियलचं 1.08. जिथे अख्ख्या तारेवर मिळून 1.31 व्होल्ट आहेत, तिथे 1.45 ची बरोबरी करणारा बिंदू सापडणार कुठून? डॅनियल 1.08 चा, म्हणून तो 823 वर सापडला. चोर होता रिओस्टॅट. त्याचे 12 ओहम सर्किटमध्ये होते, आणि 2.1 व्होल्टमधला मोठा हिस्सा तोच खात होता. मी तो सरकवून 1 ओहमच्या आसपास आणला, तारेवर 2.0 व्होल्ट आले. मल्टिमीटर काढून घेतला आणि म्हटलं, आता करा.

इथे एक चमत्कारिक प्रकार सांगायचा राहिला. बोर्डच्या एका तारेपासून दुसरीकडे जाणाऱ्या जाड तांब्याच्या पट्टीचा स्क्रू सैल असेल, किंवा तार मधेच तुटली असेल, तर काटा एका बाजूला स्थिर असतो आणि जॉकी पुढच्या तारेवर ठेवताच एकदम दुसऱ्या बाजूला उडी मारतो. मुलं खूश होतात, "दोन्ही बाजूला गेला, म्हणजे संतुलन मधेच!" पण मधे शून्य कुठेच सापडत नाही. तुटलेल्या जागेच्या अलीकडची सगळी तार ए च्या विभवावर बसलेली असते आणि पलीकडची बी च्या. काटा हळूहळू कमी होत होत शून्यावर आला नाही आणि थेट उडी मारली, तर समजा तार नाहीतर पट्टी गेली.

आता त्या दोघींकडे परत. दहा मिनिटांनी त्या आल्या, लेक्लांशेचं 725 मिळालं म्हणून. गुणोत्तर काढलं: डॅनियल भागिले लेक्लांशे, 823/725, म्हणजे 1.135. वहीत व्यवस्थित चौकट काढून लिहिलं होतं. म्हटलं, "याचा अर्थ काय होते?" दोघी गप्प. याचा अर्थ डॅनियलचं ईएमएफ लेक्लांशेपेक्षा जास्त. काही मिनिटांपूर्वीच त्यांनी पाहिलं होतं की ज्या तारेवर डॅनियल मावतो त्यावर लेक्लांशे मावत नाही. त्यांनी डॅनियलचं वाचन जुन्या रिओस्टॅटवर घेतलेलं तसंच ठेवलं होतं आणि लेक्लांशेचं नव्यावर.

E1/E2 = l1/l2 हे सूत्र एकाच अटीवर उभं आहे: दोन्ही वेळेला तारेच्या दर सेंटीमीटरवर तितकेच मिलिव्होल्ट. पहिल्या वाचनात ते 1.31 होते, दुसऱ्यात 2. रिओस्टॅट हलवला की पोटेन्शिओमीटर नावाची पट्टीच बदलते. इंचाच्या पट्टीने मोजलेली लांबी सेंटीमीटरच्या पट्टीने मोजलेल्या लांबीने भागावी तसं ते. म्हणून पद्धत अशी: आधी ज्या सेलचं ईएमएफ मोठं आहे तो लावायचा, रिओस्टॅट असा लावायचा की त्याचा बिंदू तारेच्या सातव्या-आठव्या मीटरवर यावा, आणि मग रिओस्टॅटला हातही लावायचा नाही. लहान सेल आपोआप आत मावतो. वाचनांच्या प्रत्येक नव्या संचासाठी रिओस्टॅट बदलता येतो, आणि बदलावाच. पण एका संचात, एका ओळीत, दोन्ही सेल एकाच जागी.

त्यांनी डॅनियल परत घेतला. आकडा आला 560. पुन्हा गडबड, कारण 2.0 व्होल्टवर तो 540 च्या आसपास यायला हवा. या वेळी जोडणी निर्दोष होती, चूक वाचण्याची होती. बिंदू सहाव्या तारेवर होता. पहिली तार डावीकडून उजवीकडे जाते, दुसरी उजवीकडून डावीकडे परत येते, आणि स्केल मात्र एकच, डावीकडून सुरू होणारी. सम क्रमांकाच्या तारेवर जॉकी स्केलच्या 60 वर असेल तर त्या तारेतली खरी लांबी 40 असते. म्हणजे पाच तारांचे 500 आणि 40, एकूण 540. त्यांनी सरळ 560 लिहिले. लेक्लांशेच्या वेळी जॉकी आठव्या तारेवर होती, तिथे तिच्या जोडीदारणीने 75 वाचून त्याचे 25 करायचं लक्षात ठेवलं होतं, आणि 725 बरोबर आलं होतं. एकीची सवय दुसरीला नव्हती, एवढाच फरक. काही बोर्डांवर स्केलच्या दोन्ही बाजूंनी आकडे असतात, तिथे हा घोळ होत नाही. आमच्या बोर्डांवर नाहीत.

540/725 म्हणजे 0.745, आणि 1.08/1.45 सुद्धा तेवढंच. जुळलं.

संतुलनाच्या जवळ आल्यावर 5000 ओहमचा प्लग परत बसवायला बहुतेक जण विसरतात, आणि मग दुसरी तक्रार येते: "सर, काटा अर्ध्या तारेवर शून्यच दाखवते." दाखवणारच. तारेवर दर सेंटीमीटरला 2 मिलिव्होल्ट, आणि ते 5000 ओहममधून ढकलायचे, तर मिळणारा करंट अर्ध्या मायक्रोअॅम्पिअरपेक्षाही कमी. आमच्या गॅल्व्हानोमीटरला एक घर हलायला 30 मायक्रोअॅम्पिअर लागतात. म्हणजे जॉकी जवळपास पाऊण मीटर सरकवावी तेव्हा काटा एक घर हलेल. आधी 5000 ओहम ठेवून ढोबळ जागा शोधा, मग प्लग बसवून तो रोध शून्य करा आणि त्याच भागात पुन्हा जॉकी टेकवा. तेव्हा एका सेंटीमीटरला अर्ध्या घराहून जास्त हालचाल दिसते आणि बिंदू अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत नेमका ठरवता येतो. याहून बारीक, म्हणजे 725.3 वगैरे, या गॅल्व्हानोमीटरवर दिसत नाही. वहीत दशांश लिहिणाऱ्याला मी एवढंच विचारतो की तो दिसला कसा. आणि जॉकी टेकवायची, घासत न्यायची नाही. घासून घासून तार जिथे पातळ होते तिथे दर सेंटीमीटरचा रोध वाढतो, आणि मग लांबी आणि विभवांतर यांचं समप्रमाण तिथल्या तिथे मोडतं.

एलिमिनेटरवर माझा फारसा विश्वास नाही. साधा, रेग्युलेशन नसलेला एलिमिनेटर मेन्सच्या व्होल्टेजबरोबर डुलतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात कूलर चालू-बंद होत राहिले की आमच्याकडे हे ठळक दिसतं: एकाच सेलचा बिंदू बसल्या जागी पाच-सात सेंटीमीटर पुढे-मागे होतो. उपाय स्वस्त आहे. लेक्लांशे, मग डॅनियल, मग परत लेक्लांशे, अशी तीन वाचनं घ्या. पहिलं आणि तिसरं एक सेंटीमीटरच्या आत जुळलं तर ओळ वहीत लिहा, नाहीतर खोडा. लेड-अॅसिड सेल असेल तर तो वापरा, फक्त नुकताच चार्जिंगवरून काढलेला नको, तो सुरुवातीला झरझर उतरतो.

बेरीज-वजाबाकीच्या पद्धतीत, म्हणजे दोन्ही सेल आधी एकमेकांना साहाय्य करणारे आणि मग एकमेकांच्या विरोधात जोडून, हाच दोष नव्या रूपात येतो. बेरजेला 1.45 + 1.08 म्हणजे 2.53 व्होल्ट लागतात. दोन व्होल्टवरच्या एलिमिनेटरने हा बिंदू कधीच मिळणार नाही, रिओस्टॅट शून्यावर नेला तरी. एलिमिनेटर चारवर न्या आणि रिओस्टॅटने तारेवर 3 व्होल्ट करा. मग बेरीज 843 च्या आसपास येते, वजाबाकी 123 च्या. (843 + 123)/(843 − 123) म्हणजे 1.34, जे लेक्लांशे भागिले डॅनियल. वजाबाकीच्या वेळी मोठ्या सेलचं धन टोक ए कडे हवं, नाहीतर पुन्हा काटा एकाच बाजूला.

आता आंतररोध. त्या दोघी दुसऱ्या दिवशी लेक्लांशेचा आंतररोध काढायला बसल्या. तारेवर तेच 2.0 व्होल्ट. सूत्र r = R(l1 − l2)/l2. इथे l1 म्हणजे सेल मोकळा असतानाची लांबी आणि l2 म्हणजे सेलच्या दोन टोकांना R हा रोध जोडल्यावरची. संतुलनाच्या वेळी गॅल्व्हानोमीटरमधून काहीच वाहत नाही, म्हणून पहिली लांबी खरं ईएमएफ दाखवते. R जोडल्यावर सेलमधून R कडे करंट जातो, थोडा विभव सेलच्या आतच खर्च होतो, आणि उरलेलं टर्मिनल व्होल्टेज दुसरी लांबी दाखवते.

पहिल्याच वाचनाला बिंदू ए च्या टोकाशी, शून्यावर आला. "आंतररोध अनंत येते सर." रेझिस्टन्स बॉक्सचे सगळे प्लग घट्ट बसवलेले होते. प्लग बसला म्हणजे पितळी पट्ट्या जोडल्या गेल्या आणि तो रोध शून्य झाला. रोध हवा असेल तर प्लग काढायचा असतो. बिचारा सेल तेवढा वेळ सरळ शॉर्ट झालेला होता. याच्या उलट प्रकारही होतो: R च्या फांदीतल्या की चा प्लग नीट बसलेला नसेल तर l2 आणि l1 एकच येतात आणि आंतररोध शून्य निघतो. l2 हा l1 पेक्षा मोठा आला तर मधल्या वेळात एलिमिनेटर खाली आला आहे, किंवा वहीतले रकाने उलटे झाले आहेत.

प्लग दुरुस्त करून त्यांनी वाचनं घेतली. l1 एकदाच: 725. R च्या 20, 10 आणि 5 ओहमला l2 आले 658, 594 आणि 492. आंतररोध 2.04, 2.21, 2.37 ओहम. प्रत्येक पायरीला चढता. तिने विचारलं, सरासरी काढू का? सरासरी विखुरलेल्या आकड्यांची काढतात. हे आकडे विखुरलेले नाहीत, एकाच दिशेने चालले आहेत, म्हणजे प्रयोगात काहीतरी बदलत चाललंय.

R ची की त्यांनी वीस मिनिटं लावून ठेवली होती. लेक्लांशे सेलमधून करंट घेतला की कार्बनच्या दांड्याभोवती हायड्रोजन जमतो. तो संपवायला मँगनीज डायऑक्साइड असतो, पण त्याचं काम संथ. सेल थकतो आणि विश्रांती दिली की सावरतो. डॅनियलमध्ये हा त्रास होत नाही, तिथे हायड्रोजन जमण्याऐवजी कॉपर सल्फेटमधून तांबं बसतं. 1836 च्या डॅनियलने जे सोडवलं ते 1866 च्या लेक्लांशेने थोडं परत आणलं, पण त्याचा सेल थांबून थांबून वापरायच्या कामासाठी होता. की उघडायला लावून मी लगेच l1 परत घ्यायला सांगितलं: 709. दहा मिनिटांनी: 722. म्हणजे सूत्रात त्या 725 घालत होत्या तेव्हा सेलचं ईएमएफ तेवढं उरलेलंच नव्हतं, आणि तो सगळा फरक आंतररोधाच्या नावावर जमा होत होता.

मग क्रम बदलला. आधी l1. l2 ची अंदाजे जागा सूत्राने काढून जॉकी तिथेच तयार ठेवायची, R ची की लावायची, दोन-तीन टेकवण्यांत बिंदू पकडायचा, की लगेच उघडायची. दोन मिनिटं थांबून पुढच्या R साठी l1 पुन्हा. या वेळी 20 ओहमला 725 आणि 659, 10 ला 724 आणि 601, 5 ला 723 आणि 512. आंतररोध 2.00, 2.05, 2.06. थोडी चढण राहिलीच, आणि ती राहू द्यावी. लेक्लांशेचा आंतररोध काही दगडावरची रेघ नाही, करंटबरोबर तो थोडा हलतो.

एका मुलीने हुशारी केली: R मोठा घेतला तर सेल थकणारच नाही, मग 100 ओहम का घेऊ नये? प्रश्न चांगला होता. 100 ओहमला l2 येतो 711, फरक फक्त 14 सेंटीमीटर. दोन्ही लांब्यांत अर्धा-अर्धा सेंटीमीटर चूक धरली तर 14 मध्ये 1, म्हणजे उत्तरात सात टक्के. 10 ओहमला फरक 123 चा, तीच चूक तिथे एक टक्क्याच्या आत राहते. खालच्या बाजूला 1-2 ओहमपर्यंत जाऊ नका. तिथे सेल तर झपाट्याने थकतोच, शिवाय बॉक्सच्या सैल, काळवंडलेल्या प्लगांचा रोध R मध्ये मिसळतो आणि तो तुम्ही कुठेच मोजलेला नसतो. 2 ओहमच्या सेलला 5 ते 20 ओहम पुरे.

त्या दोघींनी वहीत तीन ओळी ठेवल्या, आदल्या तीन रेघ मारून खोडल्या, पण वाचता येतील अशा. मी त्यावरच सही केली.